ठिपक्यात लपलेली कक्षा

आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती एस-2 नावाचा एक तारा फिरतो. एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे 16 वर्षं लागतात. त्याची ही फेरी वर्षानुवर्षं मोजली गेली, म्हणूनच केंद्रात सूर्याच्या जवळपास 40 लाख पट वस्तुमान अगदी लहानशा जागेत दाटलेलं आहे हे कळलं. राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेया गेझ यांना 2020 सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो याच कामासाठी.

हे मोजमाप अवघड का होतं, ते कक्षेच्या आकारावरून कळतं. अंशाचे 3,600 भाग केले की एक भाग म्हणजे एक विकला. दोन सेंटिमीटर रुंदीचं नाणं चार किलोमीटरवर ठेवलं, तर ते साधारण एक विकला एवढं दिसेल. एस-2 च्या लंबवर्तुळाकार कक्षेचा अर्धा लांब अक्ष आपल्याला फक्त अष्टमांश विकला दिसतो. उलट उत्तम डोंगरमाथ्यावरून पाहिलं तरी पृथ्वीची हवा प्रत्येक ताऱ्याचा अर्ध्या ते एक विकलेचा ठिपका करून टाकते. म्हणजे अख्खी कक्षा एका ठिपक्याच्या पोटात बसते. तो ठिपका फोडायचा तर दोन गोष्टी लागतात. आरसा मोठा हवा, आणि हवेने केलेला बिघाड पुसता आला पाहिजे.

आरसा मोठा कशासाठी?

मोठा आरसा जास्त प्रकाश गोळा करतो आणि त्यामुळे फिकट तारे दिसतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. बारकावे दिसण्याचं कारण मात्र वेगळं आहे. ते प्रकाश लहरींच्या रूपात येतो यात आहे.

समजा, आरशाच्या बरोबर समोर एक तारा आहे. तो इतका दूर असतो की त्याच्या लहरी आपल्यापर्यंत येईतो सपाट झालेल्या असतात. लहरीच्या अशा एका सपाट थराला तरंगाग्र म्हणतात. हे तरंगाग्र आरशाच्या डाव्या आणि उजव्या कडेवर एकाच क्षणी पोचतं. आरसा सगळा प्रकाश एका जागी आणतो, तिथे सगळ्या लहरींचे चढ एकावर एक येतात आणि उजळ ठिपका तयार होतो. आता पहिल्याच्या किंचित बाजूला दुसरा तारा आहे असं धरू. त्याचं तरंगाग्र थोडं तिरकं येतं, म्हणून एका कडेवर आधी आणि दुसऱ्या कडेवर जरा नंतर पोचतं. हा फरक साधारण एका तरंगलांबीएवढा झाला की पहिल्या ताऱ्याच्या ठिपक्याच्या जागी दुसऱ्याच्या लहरी एकमेकींना मारून टाकतात. दुसऱ्याचा ठिपका शेजारी, वेगळा उमटतो. फरक याहून बराच कमी असेल, तर दोन्ही ठिपके एकमेकांत मिसळतात.

कडेपासून कडेपर्यंतचं अंतर जितकं जास्त, तितक्या लहान कोनातून एका तरंगलांबीचा फरक पडतो. सगळं गणित एवढंच आहे. तरंगलांबीला आरशाच्या व्यासाने भागायचं, आणि आरसा गोल असल्यामुळे 1.22 ने गुणायचं. येणारी मर्यादा म्हणजे विवर्तनमर्यादा. गोल भोकातून गेलेल्या प्रकाशाचं हे गणित जॉर्ज एअरी यांनी 1835 मध्ये मांडलं. आरसा कितीही निर्दोष घासला तरी ही मर्यादा ओलांडता येत नाही. भिंग लावून प्रतिमा मोठी केली, तर ठिपकाच मोठा दिसतो.

एस-2 साठी हवाईतल्या मौना केआ पर्वतावरची केक दुर्बीण घेऊ. तिचा आरसा 10 मीटरचा आहे. एस-2 आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात पाहता येत नाही, कारण मधल्या धुळीमुळे तो प्रकाश लाख कोटीत एक एवढाच पोचतो. 2.2 मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशातला मात्र सुमारे दहावा हिस्सा येतो. 2.2 मायक्रॉनला 10 मीटरने भागून 1.22 ने गुणलं, की 0.055 विकला मिळते. म्हणजे कक्षा उलगडण्याइतकी नजर या आरशाकडे आहे. याच प्रकाशात 10 सेंटिमीटरच्या आरशाची मर्यादा शंभरपट वाईट, साडेपाच विकला आली असती.

हवा काय करते?

डोंगरमाथ्यावरच्या शांत हवेत दुर्बीण न्यावी, हा सल्ला न्यूटनने 1704 मध्ये 'ऑप्टिक्स' या ग्रंथात दिला होता. वातावरणाची थरथर तारे धूसर करते हे त्याला कळलं होतं. थरथर तापमानातून येते. गरम हवा विरळ असते, म्हणून तिच्यातून प्रकाश किंचित वेगाने जातो. एका अंशाच्या फरकाने हवेचा अपवर्तनांक जेमतेम दहालक्षांश भागाने बदलतो. पण शंभर मीटर हवेत अंशाच्या शंभराव्या भागाचा फरक असला, तरी प्रकाश एक मायक्रॉन मागेपुढे होतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी अर्धा मायक्रॉन असते. म्हणजे तेवढ्यात दोन लहरींचा घोटाळा झाला.

म्हणून अंतराळातून सपाट आलेलं तरंगाग्र जमिनीवर पोचेपर्यंत सुरकुतलेलं असतं. त्यातला जवळपास सपाट राहिलेला तुकडा दृश्य प्रकाशात 10 ते 20 सेंटिमीटरचाच असतो. यापेक्षा मोठा आरसा घेतला की त्यावर असे अनेक तुकडे पडतात, प्रत्येक आपापला हलणारा ठिपका करतो आणि सगळे मिळून एक धूसर डाग होतो. जुन्नर भागात गिरवलीला पुण्याच्या आयुकाची 2 मीटरची दुर्बीण आहे. हिरव्या प्रकाशात तिची विवर्तनमर्यादा 0.07 विकला येते. पण हवेची दुरुस्ती केली नाही, तर अशा कोणत्याही दुर्बिणीतून बारकावे दिसतात ते हातात मावणाऱ्या लहान दुर्बिणीएवढेच. प्रकाश तेवढा जास्त मिळतो.

अवरक्त प्रकाशात परिस्थिती बरी असते. हवेने पाडलेला मागेपुढे तेवढाच राहतो, पण लहर लांब असल्यामुळे तिला तो कमी बोचतो. 2.2 मायक्रॉनला सपाट तुकडा दृश्य प्रकाशाच्या सुमारे सहापट रुंद, म्हणजे 60 सेंटिमीटर किंवा जास्त होतो.

सुरकुती मोजायची आणि उलटी घडी घालायची

सुरकुतलेलं तरंगाग्र पुन्हा सपाट करायची कल्पना होरेस बॅबकॉक यांनी 1953 मध्ये मांडली. तेव्हा ती करून दाखवणं कुणाला शक्य नव्हतं. पुढे अमेरिकन लष्कराने यावर गुप्तपणे काम केलं, आणि 1989 मध्ये फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत खगोलशास्त्रासाठी बनवलेली पहिली यंत्रणा चालली. या तंत्राला अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स म्हणतात.

केकमध्ये दुरुस्ती मोठ्या आरशावर होत नाही. प्रकाश तिथून पुढे एका लहान, पातळ आरशावर येतो. त्याच्या पाठीला 349 बारीक दांडे आहेत. विजेचा दाब बदलला की दांडा मायक्रॉनच्या हिशोबाने लांब किंवा आखूड होतो आणि आरसा तिथे फुगतो किंवा खचतो. दुरुस्त झालेल्या प्रकाशाचा काही भाग बाजूला काढून इवल्याशा भिंगांच्या जाळीवर सोडतात. प्रत्येक भिंग तरंगाग्राच्या आपल्या तुकड्यातून एक ठिपका बनवतं. तुकडा सपाट असेल तर ठिपका मध्यावर पडतो, तिरपा असेल तर सरकतो. सगळ्या ठिपक्यांचं सरकणं मोजून संगणक सुरकुतीचा आकार काढतो आणि दांड्यांना उलटा आकार करायला सांगतो. वारा हवेचे पुंजके पुढे ढकलत असल्यामुळे हे चक्र सेकंदाला शेकडो वेळा फिरावं लागतं.

दांडे किती लागतील, तेही सपाट तुकड्याच्या आकारावरून ठरतं. 60 सेंटिमीटरचे तुकडे 10 मीटरच्या आरशावर दोनशेच्या आसपास बसतात, म्हणून 349 दांडे पुरतात. दृश्य प्रकाशातल्या 10 सेंटिमीटरच्या तुकड्यांसाठी सात-आठ हजार लागले असते आणि वेगही बराच वाढवावा लागला असता. हे तंत्र आधी अवरक्तात रुजलं त्याचं कारण हेच.

मार्गदर्शक तारा कुठून आणायचा?

सुरकुती मोजायला जवळपास एक तेजस्वी तारा लागतो. तो फार दूर असला, तर त्याचा प्रकाश वेगळ्या हवेतून येतो आणि भलतीच दुरुस्ती होते. हे छायाचित्रातही ओळखू येतं. मार्गदर्शकाजवळचे तारे गोल दिसतात, लांबचे त्याच्या दिशेने ताणलेले दिसतात. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपवर गेन्झेल यांच्या गटाला सोय सापडली. आकाशगंगेच्या केंद्रापासून साडेपाच विकलांवर आयआरएस-7 नावाचा तांबडा महाराक्षसी तारा आहे. तो धुळीआड असला तरी अवरक्तात झगझगीत दिसतो, म्हणून सुरकुती मोजणारं यंत्रच अवरक्तात चालवलं गेलं. तिथल्या 8.2 मीटरच्या आरशातून 2002 मध्ये एस-2 ला केंद्राला अगदी जवळून वळसा घालताना टिपलं.

केकने दुसरी वाट धरली. सुमारे 90 किलोमीटर उंचीवर उल्कांनी मागे सोडलेल्या सोडियमचा विरळ थर असतो. पिवळा लेझर वर सोडला की तिथे एक कृत्रिम तारा पेटतो. पण त्यातही दोन उणिवा आहेत. लेझर जाताना आणि येताना त्याच हवेतून जातो, त्यामुळे संपूर्ण प्रतिमेचं एकत्र डुलणं त्याला कळत नाही. त्यासाठी एखादा फिकट का होईना, खरा तारा लागतोच. शिवाय 90 किलोमीटरवरून येणारा प्रकाश शंकूसारखा निमुळता असतो, म्हणून उंचावरच्या कडेच्या हवेचा काही भाग मोजायचा राहून जातो. आयुका आणि कॅलटेक यांनी मिळून पालोमार वेधशाळेच्या दीड मीटर दुर्बिणीसाठी उभारलेल्या रोबो-एओ यंत्रणेत अतिनील लेझर वापरला. तो डोळ्यांना दिसत नसल्याने विमानांवर पहारा ठेवावा लागत नाही.

दुरुस्ती कधीच पूर्ण होत नाही. उत्तम रात्रीसुद्धा ताऱ्याच्या टोकदार गाभ्याभोवती धूसर वलय उरतं. कारण प्रकाशाचा एक हिस्सा सपाट न झालेल्या सुरकुत्यांत विखुरलेला असतो.

आकाशातलं वजन

एवढं झाल्यावर उरतो तो केपलरचा नियम. आकाशगंगेच्या केंद्राच्या अंतरावर अष्टमांश विकला म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे 1,000 पट. या संख्येचा घन करायचा आणि 16 वर्षांच्या वर्गाने, म्हणजे 256 ने, भागायचं. उत्तर 39 लाख येतं. मधल्या वस्तूचं सूर्याच्या पटीतलं हे वजन.

2018 च्या मे महिन्यात एस-2 पुन्हा सगळ्यात जवळ आला. तेव्हा त्याचं केंद्रापासूनचं अंतर जेमतेम 0.015 विकला दिसत होतं. 8 किंवा 10 मीटरच्या एकट्या आरशाला ते फोडून दाखवता येत नाही. म्हणून चिलीतल्या चारही 8.2 मीटर दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणला. प्रत्येकीत आधी हवेची दुरुस्ती केली, आणि मग विवर्तनाच्या हिशोबात व्यासाच्या जागी दुर्बिणींमधलं 130 मीटरपर्यंतचं अंतर आलं. नजर 0.003 विकलेच्या आसपास पोचली. तारा आणि कृष्णविवर वेगळे दिसले, आणि गुरुत्वामुळे ताऱ्याचा प्रकाश तांबड्याकडे सरकल्याचंही त्याच वर्षी मोजलं गेलं.

ही पद्धत तेजस्वी ताऱ्यांपुरती चांगली चालते. फिकट शेजाऱ्यांसाठी अखंड मोठा आरसाच लागतो. चिलीत उभारणी चालू असलेल्या 39 मीटर दुर्बिणीची मर्यादा याच प्रकाशात 0.014 विकला येते, म्हणजे 2018 मधलं ते अंतर एकट्या आरशाच्या अगदी टोकावर येईल. तिथे हवा दुरुस्त करणारा आरसा वेगळ्या खोक्यात ठेवलेला नाही. तो दुर्बिणीच्याच प्रकाशमार्गातला एक मुख्य आरसा आहे, आणि त्याच्यामागे 5,000 हून अधिक हलवणारी यंत्रं आहेत.