शॉर्ट चालेल, पण उघडा ठेवू नका

इलेक्ट्रिकल शिकणाऱ्या मुलांना सर्किटच्या तासाला दोन नियम सांगितले जातात. आदर्श व्होल्टेज स्रोत शॉर्ट करायचा नाही आणि आदर्श करंट स्रोत उघडा ठेवायचा नाही. पहिला लगेच पटतो, कारण शॉर्ट झाल्यावर उडणारी ठिणगी सगळ्यांनीच पाहिलेली असते. दुसऱ्यापाशी गाडी अडते. तार तुटलेली आहे, त्यातून काही वाहतच नाही, मग बिघडणार काय?

आधी कागदावर पाहू. आदर्श व्होल्टेज स्रोत आपल्या दोन टोकांमधलं व्होल्टेज कधीच सोडत नाही. करंट किती वाहायचा ते लोड ठरवतो. १२ व्होल्टच्या स्रोताला ६ ओहमचा रोध जोडला की २ अँपिअर वाहतात, ०.१ ओहमचा जोडला की १२०. आता शून्य रोधाची तार जोडा. तार म्हणते, माझ्या दोन टोकांत व्होल्टेज शून्य. स्रोत म्हणतो, १२. टोकं तर तीच! दोघांचं एकाच वेळी खरं असू शकत नाही. ‘अनंत करंट वाहील’ असं मुलं उत्तर लिहितात, पण खरं तर या गणिताला उत्तरच नाही.

आदर्श करंट स्रोताचं नेमकं उलट असतं. तो करंट सोडत नाही आणि व्होल्टेज लोडवर ठरतं. स्रोत ५ अँपिअरचा असेल, तर ०.२ ओहमवर जेमतेम १ व्होल्ट येतं, १० ओहमवर ५० आणि १००० ओहमवर ५००० व्होल्ट. म्हणजे रोध वाढेल तसा हा स्रोत चढत जातो. तार पूर्ण तोडली की परिपथ म्हणतो करंट शून्य, स्रोत म्हणतो ५. पुन्हा तोच पेच. बॅटरी निवांत असते ती उघडी असताना. करंट स्रोताची विश्रांती मात्र शॉर्टमध्ये असते.

प्रत्यक्षात आदर्श असं काही नसतं. मोटारीच्या बॅटरीच्या दोन टोकांवर चुकून पाना पडला, तर करंट अनंत होत नाही. बॅटरीचा आतला रोध त्याला आवर घालतो. पण तो रोध ओहमच्या शंभराव्या भागाच्या आसपास असल्याने हजारभर अँपिअर वाहू शकतात. पाना लाल होऊन चिकटायला तेवढे पुरतात.

करंट स्रोताचं असं रोजच्या वापरातलं उदाहरण म्हणजे मोठ्या ग्राहकांच्या मीटरपेटीतला सीटी, म्हणजेच करंट ट्रान्सफॉर्मर. समजा, तो २००/५ चा आहे. मधून मुख्य केबल जाते, तिचा एकच वेढा; गाभ्यावर दुय्यम तारेचे ४० वेढे. केबलमधून २०० अँपिअर गेले की दुय्यम बाजूला ५ वाहतात आणि मीटर तेवढेच वाचतो. केबलमधला करंट कारखान्यातल्या मोटारी ठरवतात, त्यात सीटीचं काही चालत नाही.

एका वेढ्याचे २०० आणि चाळीस वेढ्यांचे ५ यांचा गुणाकार सारखाच येतो, दोन्ही २००, आणि दिशा विरुद्ध. त्यामुळे ते एकमेकांना जवळपास खोडतात आणि गाभ्यात चुंबकीय प्रवाह अगदी थोडा उरतो. मीटर काढताना कुणी दुय्यम बाजूची तार सोडली, की विरोध करणारे ५ अँपिअर गेले. केबलचे २०० मात्र जागेवर! ते सगळेच आता गाभ्याला चुंबकित करायला लागतात. गाभा संपृक्त होतो आणि ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात सेकंदाला १०० वेळा त्याची दिशा झटकन उलटते. प्रत्येक उलटीला त्या चाळीस वेढ्यांत व्होल्टेजचं टोकदार शिखर उठतं. सीटीच्या आकारानुसार ते शेकडो व्होल्टपासून कित्येक हजारांपर्यंत जाऊ शकतं. संपृक्त होणारा गाभाच इथे मर्यादा घालतो, पण तीही माणसाच्या जिवावर बेतण्याइतकी उंच असते.

सीटी गुणगुणू लागला, टर्मिनलपाशी चर्र आवाज, ठिणगी किंवा जळका वास आला आणि त्या फेजचं वाचन अचानक घसरलं, तर दुय्यम परिपथ कुठेतरी सुटल्याचा संशय घ्यावा. सैल स्क्रूही पुरतो. अशा वेळी हाताने तार जोडायला जाऊ नये. आधी मुख्य पुरवठा बंद करावा.

म्हणूनच मीटरजवळच्या टेस्ट टर्मिनल ब्लॉकवर शॉर्टिंग लिंक असतात. जाणकार तंत्रज्ञ आधी S1 आणि S2 लिंकने शॉर्ट करतो, करंट लिंकमधून वळला का ते क्लॅम्प मीटरने तपासतो आणि मगच मीटरच्या तारा सोडतो. परत जोडताना क्रम उलटा: आधी मीटर, मग लिंक काढायची. त्याच पॅनेलमधल्या पीटीच्या, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, दुय्यम बाजूला फ्यूज असतो, कारण तिथे भीती शॉर्टची. सीटीच्या परिपथात कुणी फ्यूज घातलाच, तर तो उडाल्यावरच खरा धोका सुरू होईल.

एकदा उघडा राहिलेला सीटी वरून धडधाकट दिसला, तरी इन्सुलेशन भाजलेलं असू शकतं आणि गाभ्यात उरलेल्या चुंबकत्वामुळे मोजणी चुकू शकते. त्याची इन्सुलेशन चाचणी करून, गाभ्यातलं चुंबकत्व उतरवूनच तो पुन्हा वापरात घेतात.