पाचशे एमबीची तासिका तीस एमबीत

मुद्रित तासिकेची फाइल किती मोठी होणार हे दोन गोष्टींवर ठरते: तासिका किती वेळ चालली, आणि दर सेकंदाला किती बिट खर्च झाले. या दुसऱ्या आकड्याला बिटरेट म्हणतात. दहावीच्या बीजगणितातली वर्गसमीकरणांची ४५ मिनिटांची तासिका उदाहरणादाखल घेता येईल. पडद्यावर स्लाइड, त्यांवर डिजिटल पेनने सोडवलेली गणिते, उजव्या कोपऱ्यात शिक्षकांचा चेहरा. चित्र १२८० बाय ७२० पिक्सेलचे आणि सेकंदाला ३० फ्रेम. अशा मुद्रणाचा बिटरेट सेकंदाला १५०० किलोबिटच्या घरात सहज जातो. ४५ मिनिटांचे सेकंद होतात २७००. गुणाकार करून आठाने भागले की फाइल भरते सुमारे ५०० एमबी. ज्या गावात सेकंदाला जेमतेम २०० किलोबिट मिळतात, तिथे ती उतरवायला साडेपाच तास लागतात, आणि तेही मध्येच रेंज गेली नाही तर.

यावर बहुतेक जण पहिला उपाय करतात तो रिझोल्यूशन उतरवण्याचा. ७२० चे २४० केले, फाइल लहान झाली, काम संपले. पण गणिताच्या तासिकेसाठी हा उपाय सर्वांत वाईट. स्लाइडवरचे अक्षर ७२० च्या चित्रात २४ पिक्सेल उंच असेल, तर त्याच्या डोक्यावरचा घातांक साधारण १२ पिक्सेलचा असतो. २४० वर तो चार पिक्सेलचा उरतो, आणि चार पिक्सेलमध्ये २ आणि ३ यांच्यातला फरक दिसत नाही. विद्यार्थ्याला x² आहे की x³ हे अंदाजाने ठरवावे लागते. देवनागरीचेही तेच: अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या आधी पुसल्या जातात. व्हिडिओच्या संकेतस्थळांवर असणाऱ्या १४४ च्या पर्यायात तर पूर्ण अक्षरच पाच पिक्सेलांचे होते. चेहरा त्यातही ओळखू येतो, समीकरण येत नाही.

म्हणून कात्री दुसरीकडे लावायची. स्लाइडवरचे अक्षर हलत नाही. त्याला स्पष्टता हवी, वेग नको. सेकंदाला ३० फ्रेमची गरज क्रिकेटच्या सामन्याला असते. पेनने ओळ लिहिली जाताना दिसायला सेकंदाला पाच फ्रेम पुरतात. एकच फ्रेम ठेवली तर मात्र अक्षरे गठ्ठ्याने उमटतात आणि शिक्षक कोणत्या पदाकडे बोट दाखवत आहेत ते कळेनासे होते.

फ्रेम कमी केल्यावरही एक खर्चिक गोष्ट उरते: कोपऱ्यातला चेहरा. व्हिडिओ दाबणारी प्रणाली आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदलले तेवढेच नोंदवते. स्थिर स्लाइडवर नोंदवण्यासारखे जवळपास काहीच नसते. चेहरा मात्र सतत हलतो, आणि स्वस्त वेबकॅमच्या चित्रात मंद प्रकाशामुळे जी बारीक खरखर असते ती प्रणालीला बदलच वाटते. अशा तासिकेत पडद्याचा एवढासा कोपरा निम्म्याहून अधिक बिट खाऊ शकतो. त्यावर काळी चौकट टाकली की तो खर्च थांबतो. मुद्रणाच्या वेळीच कॅमेरा बंद ठेवला तर उत्तमच. सुरुवातीला अर्धा मिनिट चेहरा दाखवून नमस्कार करावा आणि कॅमेरा बंद करावा.

आवाजाच्या बाबतीत काटकसर जपून करावी लागते. चित्र दोन सेकंद अडकले तर विद्यार्थी सांभाळून घेतो. आवाज तुटला तर तासिका तिथेच संपते. बोलण्यासाठी दोन वाहिन्यांचा स्टिरिओ लागत नाही, एक वाहिनी पुरे. एएसी पद्धतीत एका वाहिनीला सेकंदाला ३२ किलोबिट दिले की उच्चार स्वच्छ राहतात. ओपस ही पद्धत, जी व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजमध्ये वापरली जाते, २४ किंवा अगदी १६ किलोबिटमध्येही बोलणे चांगले टिकवते. मात्र डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याची घरघरही बिट मागते, म्हणून १०० हर्ट्झखालचा आवाज आधी गाळून टाकावा.

हे सगळे काम एफएफएमपेग हे मोफत साधन एका आज्ञेत करते:

```
ffmpeg -i tasika.mp4 \
 -vf "drawbox=x=1000:y=0:w=280:h=160:color=black:t=fill,fps=5" \
 -c:v libx264 -preset slow -tune stillimage -crf 28 \
 -g 100 -pix_fmt yuv420p \
 -af "highpass=f=100,loudnorm" \
 -c:a aac -ac 1 -ar 24000 -b:a 32k \
 -movflags +faststart halki.mp4
```

यातल्या `drawbox` मधले आकडे चेहऱ्याची चौकट जिथे असेल तसे बदलायचे. `crf` हा दर्जाचा आकडा आहे: तो वाढवला की फाइल लहान होते आणि अक्षरांच्या कडा विरघळू लागतात. २८ पासून सुरुवात करून एखादे मिनिट तपासावे. घातांक स्वच्छ दिसत असेल तर ३० किंवा ३२ करून पाहावे. शेवटचे `faststart` विसरण्यासारखे नाही. फाइलमध्ये कोणते चित्र आणि कोणता आवाज कुठे आहे याची जी सूची असते, ती एरवी फाइलच्या शेवटी लिहिली जाते. ती शेवटी राहिली तर काही प्लेअर फाइल पूर्ण उतरेपर्यंत चित्र सुरूच करत नाहीत. हा पर्याय ती सूची पुढे आणून ठेवतो.

`-g 100` बद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इथे नकळत घोटाळा होतो. व्हिडिओत अधूनमधून एक पूर्ण चित्र साठवले जाते. त्याला कीफ्रेम म्हणतात. विद्यार्थी व्हिडिओ पुढे-मागे सरकवतो तेव्हा प्लेअरला जवळच्या कीफ्रेमपासून सुरुवात करावी लागते. काही सांगितले नाही तर ही प्रणाली दोन कीफ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर सोडते. ३० फ्रेमच्या वेगाला ते आठ सेकंद होते, पण पाच फ्रेमच्या वेगाला तेच पन्नास सेकंद होते. मग ‘ती पायरी पुन्हा बघू’ म्हणून दहा सेकंद मागे जाऊ पाहणारा विद्यार्थी भलतीकडेच पोचतो किंवा प्लेअर बराच वेळ अडून बसतो. दुसरीकडे, स्थिर स्लाइडच्या व्हिडिओत मोठा खर्च याच पूर्ण चित्रांचा असतो, त्यामुळे ती दर दोन सेकंदांनी ठेवणेही परवडत नाही. १०० फ्रेम, म्हणजे वीस सेकंद, हा मधला मार्ग. स्लाइड बदलली की प्रणाली बहुधा आपणहून नवी कीफ्रेम टाकते, त्यामुळे प्रत्यक्षात अंतर याहून कमीच राहते.

एवढे केल्यावर वर्गसमीकरणांच्या त्या तासिकेत चित्राला सेकंदाला सुमारे ६० किलोबिट आणि आवाजाला ३२ लागले असे धरले, तर ४५ मिनिटांची फाइल ३१ एमबी होते. २०० किलोबिटच्या जोडणीवर ती एकवीस मिनिटांत उतरते. म्हणजे आधी उतरवून ठेवण्याचीही गरज नाही, लावली की चालते. आकडा तासिकेगणिक बदलेल. पानामागून पान सरकवणारे शिक्षक असतील तर तो वाढतो, एकच स्लाइड दहा मिनिटे समजावणारे असतील तर घटतो. आज्ञा लिहिण्याचा कंटाळा असेल त्यांना हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये फ्रेमचा वेग, दर्जा, मोनो आवाज आणि `Web Optimized` हे सगळे माउसने निवडता येते.

खऱ्या फळ्यासमोर मुद्रित केलेल्या तासिकेला हा हिशोब लागू पडत नाही. तिथे शिक्षक फिरतात, मोबाइल हातात धरला असेल तर अख्खे चित्र थरथरते आणि प्रत्येक पिक्सेल बदलतो. मोबाइल स्टँडवर पक्का बसवणे आणि फळ्यावर भरपूर उजेड असणे, यांनी जेवढी बचत होते तेवढी नंतरच्या कोणत्याही आज्ञेने होत नाही. आणखी एक अडचण प्रयोगाच्या चित्रफितीची. तासिकेत मध्येच लोलकाचा प्रयोग दाखवला असेल तर पाच फ्रेममध्ये तो झटके खात हलतो. तेवढा भाग वेगळा काढून १५ फ्रेमने द्यावा. पेनचा रंगही आधीच ठरवावा: व्हिडिओत रंगाचा तपशील उजेड-अंधाराच्या तपशिलापेक्षा कमी साठवला जातो, त्यामुळे बारीक लाल रेघ काळ्या रेघेपेक्षा लवकर फिसकटते.

३१ एमबीची फाइलही एकसंध पाठवू नये. उतरवणे मध्येच तुटले तर अनेकदा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. सात-आठ मिनिटांचे सहा भाग, प्रत्येक भागात एक मुद्दा, आणि नावात क्रमांक, अशी विभागणी बरी. वरच्या आज्ञेत `-i` च्या आधी `-ss 00:08:30 -to 00:16:00` लिहिले की तेवढाच भाग तयार होतो. हे भाग व्हॉट्सॲपवर नेहमीच्या व्हिडिओसारखे टाकले तर ते ॲप त्यांना पुन्हा दाबते आणि इतक्या खटपटीने वाचवलेले घातांक पुन्हा पुसट होतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले की फाइल जशीच्या तशी पोचते.

ज्यांच्याकडे एवढीही रेंज नाही त्यांच्यासाठी चित्र सोडून द्यावे लागते. जम्मू-काश्मीरच्या बहुतांश भागात जानेवारी २०२० पासून फेब्रुवारी २०२१ पर्यंत मोबाइल इंटरनेट टूजीवरच होते, आणि टाळेबंदीतली ऑनलाइन शाळा याच काळातली. अशा ठिकाणी स्लाइडची पीडीएफ आणि वेगळा आवाज ही जोडी कामाला येते. ओपसमध्ये १६ किलोबिटने ४५ मिनिटांचा आवाज साडेपाच एमबीत मावतो. पण त्यासाठी शिकवताना ‘आता स्लाइड सात’ असे मोठ्याने म्हणावे लागते. ‘हे इथून इकडे आणले’ या वाक्याचा नुसत्या आवाजात काहीच उपयोग नाही. तासिका पूर्ण लिहून काढली तर मजकूर सुमारे पाच हजार शब्दांचा होतो आणि त्याला साधारण १०० केबी पुरतात. तेवढ्या जागेत सोळा किलोबिटचा आवाज एक मिनिटभरही टिकत नाही.

तयार फाइल शिक्षकाच्या लॅपटॉपवर तपासून काही कळत नाही. पाच इंची पडद्याच्या जुन्या फोनवर, वायफाय बंद करून, लिंकवरून ती उघडावी. तीन गोष्टी पाहाव्यात: चित्र किती वेळात सुरू होते, मागे सरकवल्यावर किती वेळ अडते, आणि सर्वांत लहान अक्षर चष्मा न पुसता वाचता येते का. एच.२६५ सारख्या नव्या पद्धतींनी फाइल आणखी लहान होते, पण जुने फोन त्या उघडताना अडखळतात, म्हणून वरच्या आज्ञेतली एच.२६४ च बरी.

शेवटी, शिक्षकांनी प्रत्येक लिंकच्या शेजारी तीन शब्द लिहावेत: भाग कितवा, किती मिनिटांचा, किती एमबीचा. दिवसाचा डेटा मोजून वापरणाऱ्या घरात कोणता भाग आज उघडायचा आणि कोणता उद्यावर ठेवायचा, हे त्यावरच ठरते.