लाल किटली दिसली की इंजिन बंद

समजा, मे महिन्यातली दुपार आहे. अहमदपूरहून एक कुटुंब नांदेडला निघाले आहे. लोह्याच्या अलीकडे स्टिअरिंगमागे एक लाल चित्र पेटते. गाडी मात्र नीट चालते आहे, आवाज नाही, धूर नाही. मागे बसलेला मुलगा मोबाइलवर फोटो काढतो आणि 'घरी गेल्यावर मिस्त्रींना दाखवू' असे ठरते. चित्र थोड्या वेळाने विझते. दोन दिवसांनी गॅरेजमध्ये फोटो शोधायला जावे, तर मोबाइल भरला म्हणून जुने फोटो पुसताना तोही गेलेला असतो.

"काय दिसलं होतं, दादा?" मिस्त्री विचारतात.

"किटलीवानी काही तरी होतं. लाल."

फोटो गेला तरी एवढ्या उत्तराने बरेच काम होते. चित्राचा आकार आणि रंग, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. डॅशबोर्डवरची ही चिन्हे कोणत्याही कंपनीची गाडी असली तरी जवळपास सारखीच असतात, कारण ती आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे काढलेली असतात. रंगांचा अर्थही त्यात ठरलेला आहे. लाल म्हणजे धोका. पिवळा किंवा नारिंगी म्हणजे बिघाड आहे, लवकर लक्ष द्या. हिरवा म्हणजे एखादी गोष्ट चालू आहे. निळा बहुतेक वेळा हेडलाइटचा अप्पर लागल्याचे सांगतो. काही गाड्यांत इंजिन अजून थंड आहे हे दाखवणारा तापमापकही निळा असतो.

लाल आणि पिवळ्यात फरक करणे ज्यांना जड जाते, अशा रंगांधळेपणा असलेल्या चालकांनी मात्र रंगावर न विसंबता आकारच पाठ करून ठेवावेत.

हरवलेला फोटो पुन्हा मिळतो

आठवण अपुरी पडली तर एक सोपी युक्ती आहे. इंजिन सुरू न करता चावी 'ऑन'वर आणायची. बटणाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दाबायचे, बहुतेक गाड्यांत दोनदा. अशा वेळी गाडी आपले इशारे स्वतःच तपासते आणि बऱ्याच गाड्यांत ते एकदम पेटतात. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे काही सेकंदांत विझतात, म्हणून फोटोऐवजी छोटा व्हिडिओ काढावा. मग तो थांबवून पाहायचा आणि 'हेच ते' म्हणून बोट ठेवायचे. या तपासणीत एखादा दिवा पेटलाच नाही, तर तोही बिघाडच. प्रत्यक्ष गरज पडेल तेव्हा तो दिवा गप्प बसेल.

याशिवाय तीन गोष्टी आठवून सांगाव्यात: दिवा सतत पेटला होता की उघडझाप करत होता, तो वळणावर, ब्रेक मारताना की घाट चढताना दिसला, आणि त्या वेळी वास, वाफ, आवाज किंवा जड झालेले स्टिअरिंग असे काही जाणवले का.

किटली: ऑइलचा दाब गेला

लांब नळीची किटली आणि नळीच्या टोकाशी एक थेंब, हे इंजिन ऑइलच्या दाबाचे चिन्ह. ऑइल कमी होत चालले आहे, असा त्याचा अर्थ बरेच जण घेतात आणि पुढच्या गावापर्यंत जातात. खरा अर्थ त्याहून गंभीर आहे. चालत्या गरम इंजिनमध्ये ऑइलचा दाब साधारण दोन ते चार बार असतो. हा दिवा पेटवणारा स्विच मात्र बहुतेक गाड्यांत दाब अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर काम करतो. म्हणजे दिवा दिसेपर्यंत दाब जवळपास संपलेला असतो.

इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर आतला क्रँकशाफ्ट सेकंदाला तेहेतीस वेळा फिरतो. तो आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा एक पातळ थर असतो आणि हा थर दाबानेच टिकतो. थर गेला की धातूवर धातू घासतो, तापतो आणि शेवटी चिकटून बसतो. त्याला कधी काही मिनिटे लागतात, कधी त्याहूनही कमी. म्हणून या दिव्याला 'जपून चालवू' हे उत्तर नाही. गाडी कडेला घ्यायची आणि लगेच इंजिन बंद करायचे.

आपल्या उदाहरणातला दिवा पेटून विझला, म्हणून घरच्यांना हायसे वाटले. पण मिस्त्रींनी पुढचा प्रश्न विचारला, "वळणावर पेटला होता का?" ऑइल कमी असेल तर वळणावर किंवा जोराचा ब्रेक मारल्यावर ते खालच्या चेंबरमध्ये एका बाजूला जाते. पंपाच्या तोंडाशी हवा येते, दाब पडतो आणि दिवा क्षणभर लागतो. रस्ता सरळ झाला की तो विझतो. असा लुकलुकणारा दिवा म्हणजे मोठ्या बिघाडाची पहिली खबर. गतिरोधकावर किंवा उघड्या दगडावर चेंबर आपटला असेल, तर गळती तिथूनच होत असण्याची शक्यता असते.

दिवा लागल्यावर वाटेत करण्यासारखे एवढेच: गाडी सपाट जागी आणून इंजिन बंद करावे, पाच-दहा मिनिटे थांबावे, ऑइलची पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून पाहावी. ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल आणि गाडीखाली डाग पडत नसेल, तर योग्य ऑइल घालून इंजिन सुरू करून पाहता येते. काही सेकंदांत दिवा विझला नाही, तर पुन्हा बंद करावे. पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल, तर दोष पंपात असेल किंवा फक्त स्विचमध्ये. हे रस्त्यावर ओळखता येत नाही. अशा वेळी गाडी टो करून न्यावी. टोचा खर्च नव्या इंजिनपेक्षा नेहमीच कमी असतो.

तापमापक: थांबा, पण झाकण उघडू नका

लाटांवर तरंगणारा तापमापक लाल झाला, तर इंजिन प्रमाणाबाहेर तापले आहे. नेहमी कूलंट ९० अंशांच्या आसपास असते. काटा वर सरकू लागला, पण दिवा अजून लागला नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरम करावा. उन्हाळ्यात हे ऐकायला विचित्र वाटते, पण इंजिनची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. लाल दिवा लागल्यावर मात्र थांबून इंजिन बंद करावे. तसेच चालवत राहिले तर हेड वाकते आणि गॅस्केट जळते.

इथे इंजिनपेक्षा मोठा धोका माणसाला असतो. रेडिएटर बंद झाकणामुळे दाबाखाली असतो, म्हणून आतले पाणी शंभर अंशांनाही उकळत नाही. झाकण फिरवले की दाब एकदम पडतो, पाणी त्याच क्षणी उकळते आणि तोंडावर, छातीवर, हातांवर उसळते. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे, वाफ येत असेल तर बॉनेटही उघडू नये. तापलेल्या इंजिनात बाटलीतले थंड पाणी ओतल्याने धातूला तडा जाऊ शकतो.

भाजलेच, तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी धरावे. अंगठी, बांगड्या लगेच काढाव्यात. हळद, शाई, टूथपेस्ट लावू नये. डोळा किंवा चेहरा भाजला असेल तर थेट दवाखाना गाठावा.

आणखी एक फसवी गोष्ट आहे. कूलंट सगळे गळून गेले तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. गोडसर वास, बॉनेटमधून वाफ आणि काटा खाली, असे दिसले तर काट्यावर विश्वास ठेवू नये.

बाकीच्या दिव्यांचे काय?

वर्तुळात लाल उद्गारचिन्ह असेल, तर आधी हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का पाहावे. सुटूनही दिवा राहिला तर ब्रेक ऑइल कमी आहे किंवा ब्रेकच्या यंत्रणेत दोष आहे. गाडी पुढे नेऊ नये. एकटा पिवळा एबीएसचा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, फक्त जोरात ब्रेक मारल्यावर चाके अडकू शकतात. लाल ब्रेक आणि पिवळा एबीएस दोन्ही एकत्र लागले, तर मात्र थांबायलाच हवे.

लाल बॅटरी म्हणजे चार्जिंग बंद. पट्टा तुटला असेल तर काही गाड्यांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही असतो आणि इंजिन तापते. म्हणून थांबून पट्टा पाहावा. तो शाबूत असेल आणि काटा जागेवर असेल, तर एसी आणि रेडिओ बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते.

पिवळे इंजिनचे चित्र सतत पेटलेले असेल तर एक-दोन दिवसांत तपासणी करावी. तेच उघडझाप करत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो भाग भयंकर तापतो. वेग कमी करून थांबावे, पण वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याजवळ नाही.

महामार्गावर थांबताना गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्यावी, चारही इंडिकेटर लावावेत, मागे लाल त्रिकोण ठेवावा आणि सर्वांना उतरवून वाहतुकीपासून लांब उभे करावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि इतर आणीबाणीत ११२ हे क्रमांक आहेत.

कापून ठेवा

• लाल किटली: लगेच इंजिन बंद, टो करा.
• लाल तापमापक: थांबा, इंजिन बंद, झाकण उघडू नका.
• लाल उद्गारचिन्ह: हँडब्रेक सोडूनही राहिले तर पुढे जाऊ नका.
• लाल बॅटरी: थांबून पट्टा पाहा, मगच जवळचे गॅरेज.
• उघडझाप करणारे पिवळे इंजिन: वेग कमी करा, थांबा.
• सतत पेटलेले पिवळे इंजिन किंवा एकटा एबीएस: जपून चालवा, लवकर दाखवा.