वेबसाईट बंद करताय? आधी नाव सांभाळा

आमच्या वडोदऱ्याच्या काकांचा फराळाचा घरगुती व्यवसाय आहे. पाच वर्षांपूर्वी हौसेने वेबसाईट काढली होती. आता सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवरच येतात. परवा फेब्रुवारीत त्यांचा फोन आला, "अरे, ते वेबसाईटचं दरवर्षी कार्डातून पैसे कापतात ना, ते बंद करून टाक बाबा."

मी म्हटलं, "काका, नक्की काय बंद करायचं? नाव की जागा?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण वेबसाईटसाठी आपण दोन वेगळ्या गोष्टींचे पैसे भरतो. डोमेन म्हणजे दुकानाची पाटी, तर होस्टिंग म्हणजे दुकानाचा गाळा. दोन्ही एकाच कंपनीकडून घेतलेली असली तरी त्यांच्या मुदती आणि Auto-renew ची बटणं वेगवेगळी असतात. एक बंद केलं म्हणून दुसरं बंद होत नाही. काकांच्या बाबतीत जड होता तो गाळा. पहिल्या वर्षी सवलतीत मिळालेलं होस्टिंग नूतनीकरणाला तिप्पट झालं होतं. डोमेनचा खर्च त्यामानाने किरकोळ होता.

दोन्हींची मुदत १० मार्चला संपत होती. तरी त्या तारखेची वाट पाहून चालत नाही. बऱ्याच कंपन्या मुदतीच्या काही दिवस, कधी काही आठवडे आधीच पैसे कापतात. म्हणून महिनाभर आधी खात्यात जाऊन होस्टिंगसमोरचं Auto-renew बंद करावं, पुष्टीची ईमेल येते का ते पाहावं आणि स्क्रीनशॉट ठेवावा. कार्डावरची स्वयंचलित परवानगी बँकेच्या ॲपमधून रद्द करता येते. पण नुसतं तेवढंच करू नका. त्याने पैसे थांबतात, पण कंपनीच्या लेखी तुमचं नूतनीकरण चालूच राहतं, आणि त्याच परवानगीवर डोमेनही असेल तर तेही न भरलेलं राहतं.

होस्टिंग संपल्यावर फायली किती दिवस ठेवायच्या हे ती कंपनी ठरवते. म्हणून आम्ही आधी फोटो, पानं, डेटाबेस आणि तिथल्या मेलबॉक्समधल्या जुन्या ईमेल उतरवून घेतल्या.

आता डोमेनचं. ते सोडून दिलं असतं तर काय झालं असतं? .com सारख्या नावांसाठी नियम असा आहे की कंपनीने मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत सूचना पाठवायच्या. मुदत संपली की वेबसाईट आणि ईमेल बंद पडू शकतात. त्यानंतर जास्तीत जास्त ४५ दिवस, म्हणजे २४ एप्रिलपर्यंत, बहुधा नेहमीच्या दरात नाव परत मिळतं. पण हे ४५ दिवस हक्काचे नाहीत. काही कंपन्या त्याआधीच नाव लिलावात काढतात. पुढचे ३० दिवस, २४ मेपर्यंत, नाव परत मिळतं, पण बराच जास्त दंड भरून. शेवटचे पाच दिवस कुणालाच काही करता येत नाही. २९ मेच्या सुमारास ते नाव कुणीही घेऊ शकतं.

आपलं नाव कुठल्या टप्प्यावर आहे ते lookup.icann.org वर पाहता येतं. redemptionPeriod दिसलं तर दंडाचा टप्पा, pendingDelete दिसलं तर वेळ गेली. एक फसवं दृश्यही असतं: मुदत संपल्यावर तिथली तारीख आपोआप एक वर्ष पुढे सरकलेली दिसते. त्यावरून पैसे भरले गेले असं समजू नका. शेजारी autoRenewPeriod असेल तर आपल्या कंपनीच्या खात्यात जाऊन खात्री करा.

"जाऊ दे ना मग, घेऊ दे कुणालाही," काका म्हणाले.

मी विचारलं, "जीएसटीच्या खात्यावर ईमेल कुठला दिलाय?"

काका गप्प झाले. जीएसटी, इन्स्टाग्राम, कुरिअरवाल्याचं खातं, सगळीकडे त्याच डोमेनवरचा ईमेल होता. उद्या ते नाव घेणारा माणूस तोच पत्ता नव्याने तयार करू शकतो. मग 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारायची, की नवा पासवर्ड बनवायची लिंक थेट त्याच्या हाती.

शेवटी आम्ही होस्टिंग जाऊ दिलं आणि डोमेन ठेवलं. त्याच्या Auto-renew ला हात लावला नाही. त्या पत्त्यावर येणारी ईमेल काकांच्या नेहमीच्या ईमेलवर वळवली, आणि आता काकू एकेका खात्यावरचा पत्ता बदलत आहेत. यादी अकरा खात्यांची निघाली. सगळी बदलून झाली आणि पुढचं वर्षभर जुन्या पत्त्यावर कामाचं काहीच आलं नाही, तर मग डोमेनही सोडायचं, असं ठरलं आहे.