पडद्यावरचा उजेड – भाग ११ : कॅमेऱ्याकडे वळलेली फीत

व्हिडिओ गेममधल्या रॉकेटमागे उरणारी ठिणग्यांची रेघ आणि बंदुकीतून सुटणारा लेसरचा किरण ही दोन्ही खरे तर सपाट पट्ट्यांची करामत असते. पट्टीला जाडी नसते. पतंगाच्या कागदासारखी ती बाजूने पाहिली तर दिसेनाशी होईल. म्हणून प्रत्येक फ्रेमला ती नव्याने अशी वळवली जाते, की तिची रुंदी सदैव कॅमेऱ्यासमोर यावी. पाहणाऱ्याला ती गोल, भरीव दोरीसारखी भासते. वळवण्याचे हे गणित चार ओळींचे आहे. अडचणी येतात त्या दोन ठिकाणी: पट्टीला पीळ पडतो आणि तिच्यावरचे टेक्श्चर ताणले जाते.

पट्टीचा कणा म्हणजे बिंदूंची माळ. रॉकेट जिथून जिथून गेले, तिथले बिंदू क्रमाने साठवलेले असतात. एखादा बिंदू P घेतला, तर त्याच्या मागच्या बिंदूपासून पुढच्या बिंदूपर्यंतची दिशा म्हणजे तिथली स्पर्शदिशा T. बिंदूपासून डोळ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याच्या जागेकडे, जाणारा सदिश V. T आणि V यांचा क्रॉस प्रॉडक्ट दोघांनाही लंब असतो, आणि पट्टीची रुंदी नेमकी त्याच दिशेने हवी असते. त्या दिशेने P पासून अर्धी रुंदी एकीकडे आणि अर्धी दुसरीकडे सरकले की दोन व्हर्टेक्स मिळतात. २० बिंदूंच्या माळेतून असे ४० व्हर्टेक्स आणि त्यांतून ३८ त्रिकोण तयार होतात.

V काढताना एक चोरवाट बरेच जण वापरतात. प्रत्येक बिंदूसाठी डोळ्याकडची दिशा काढण्याऐवजी कॅमेरा जिकडे पाहतो ती एकच दिशा सगळीकडे चालवून घेतात. दूरच्या, लहान पट्टीत हे खपून जाते. लेसरच्या किरणात खपत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

किरण सरळ असतो, म्हणून T सगळीकडे एकच. किरणावर पुढे सरकत गेले तर V बदलतो, पण तो बदल T च्याच दिशेने होतो. आणि T चा स्वतःशी क्रॉस प्रॉडक्ट शून्य असल्याने तो बदल गुणाकारात उरतच नाही. म्हणजे सरळ किरणाच्या प्रत्येक बिंदूवर आडवी दिशा अगदी एकच निघते. ५० मीटर लांबीचा किरण दोन टोकांच्या चार व्हर्टेक्समध्ये काढला तरी त्याला पीळ पडू शकत नाही. शिवाय T ची लांबी १ ठेवली आणि V ची लांबी आहे तशीच राहू दिली, तर गुणाकाराची लांबी म्हणजे डोळ्यापासून किरणाच्या रेषेपर्यंतचे लंब अंतर, मीटरमध्ये. खेळाडूच्या हातातली बंदूक डोळ्यापासून पाव मीटर खाली-उजवीकडे असेल आणि नेम नजरेच्या दिशेनेच असेल, तर ही लांबी जवळच्या टोकाला ०.२५ आणि दूरच्या टोकालाही ०.२५. V ची लांबी आधीच १ करून घेतली तर दूरच्या टोकाला हाच आकडा ०.००५ च्या आसपास उतरतो आणि ‘फारच लहान’ म्हणून तपासणीत अडकू शकतो. लांबी नंतर एकदाच १ करावी, आधी नाही.

कॅमेऱ्याची दिशा वापरणाऱ्या चोरवाटेत याच बंदुकीचे काय होते? किरण नजरेच्या जवळजवळ समांतर जातो. मग T आणि कॅमेऱ्याची दिशा यांचा गुणाकार शून्याजवळ येतो, नेम जरा हलला की आडवी दिशा भलतीकडे फिरते आणि पट्टी स्वतःभोवती गरगरू लागते. स्वतःच्या बंदुकीचा किरण थरथरतो आणि इतरांच्या बंदुकांचे मात्र स्थिर दिसतात, असे असेल तर पहिला संशय या चोरवाटेवर घ्यावा.

वक्र मार्गाचा पीळ याहून अवघड असतो. एक लहानसा हिशोब करून पाहता येतो. डोळा (०, ०, १०) या जागी आहे. रॉकेट तीन बिंदूंवरून जाते: (१, ०, −१), मग (०, ०, ०), मग (१, ०, १). मधल्या बिंदूवर ते थेट डोळ्याच्या दिशेने चाललेले असते. पडद्यावर दिसते ते असे, की रेघ उजवीकडून मध्यापर्यंत आली आणि हेअरपिनसारखी परत उजवीकडे वळली. आता स्पर्शदिशा अनुक्रमे (−२, ०, १), (०, ०, १) आणि (२, ०, १) धरून प्रत्येक ठिकाणी क्रॉस प्रॉडक्ट काढला, तर तीनही वेळा फक्त y हा घटक उरतो. पहिल्या बिंदूवर तो २१, मधल्यावर ०, तिसऱ्यावर −१९.

म्हणजे पहिल्या बिंदूवर जी बाजू ‘वर’ होती ती तिसऱ्यावर ‘खाली’ गेली. व्हर्टेक्स मात्र क्रमानेच जोडले जातात, म्हणून वरची कड खालच्या कडेला आणि खालची वरच्या कडेला जोडली जाते. मध्ये कडा एकमेकींना छेदतात आणि पट्टीचा डमरू होतो. मधल्या बिंदूवर तर दिशाच नाही. शून्याने भागाकार झाला की तिथला तुकडा नाहीसा होतो किंवा पडद्यावर भलामोठा त्रिकोण चमकून जातो.

उपाय म्हणजे प्रत्येक बिंदूने शेजाऱ्याला विचारणे. गुणाकार फार लहान असेल तर मागच्या बिंदूची दिशा उसनी घ्यावी. आणि नवी दिशा मागच्या दिशेच्या उलट पडत असेल तर तिचे चिन्ह बदलावे.

```
vec3 T = normalize(next - prev);
vec3 s = cross(T, eye - P);
float d = length(s);
vec3 side = (d > 0.001) ? s / d : prevSide;
if (dot(side, prevSide) < 0.0) side = -side;
prevSide = side;
```

वरच्या उदाहरणात मधला बिंदू पहिल्याची ‘वर’ ही दिशा घेतो, तिसऱ्याचा −१९ उलटून १९ होतो आणि डमरू सुटतो. याची किंमत लगेच मोजावी लागते. चिन्ह बदलल्यावर त्या पुढचे त्रिकोण उलट क्रमाने फिरतात, म्हणून पाठमोरे त्रिकोण गाळण्याची सोय या पट्टीपुरती बंद ठेवावी लागते. नाहीतर वळणापुढची अख्खी रेघ गायब होते. दुसरी अडचण सुरुवातीच्या बिंदूची. साखळी शेपटीकडून सुरू केली आणि वळणापलीकडचे जुने बिंदू विझून गेले, की ‘मागचा बिंदू’च बदलतो आणि उरलेली सगळी रेघ एका फ्रेममध्ये आडवी उलटते. रुंदीच्या दोन्ही अर्धांत सारखेच चित्र असलेले टेक्श्चर वापरले तर ही उलथापालथ कुणाच्या नजरेस येत नाही. गणिताने सोडवण्यापेक्षा चित्रकाराने सोडवलेला हा प्रश्न जास्त टिकाऊ ठरतो.

पीळ सुटला तरी एक गोष्ट उरते. डोळ्याच्या दिशेने येणाऱ्या दोरीचे टोक गोल दिसायला हवे. पट्टी तिथे नुसतीच आखडलेली दिसते. म्हणून T आणि V यांच्या रेषांमधला कोन लहान होत जाईल तशी पट्टी फिकट करत न्यावी आणि त्या जागी कॅमेऱ्यासमोर राहणारा एक गोल प्रकाशठिपका लावावा. मात्र खेळाडूच्या स्वतःच्या किरणाला ही युक्ती लावू नये. त्याच्या दूरच्या टोकाशी हा कोन नेहमीच नगण्य असतो, आणि किरण लक्ष्यापर्यंत पोचण्याआधीच विरून जाईल.

आता टेक्श्चरचे ताणणे. दिवाळीतल्या रॉकेटसारखे एक रॉकेट सुटते आहे आणि सेकंदाला ६० फ्रेम या वेगाने दर फ्रेमला एक बिंदू साठवला जातो. सुरुवातीला वेग सेकंदाला ३ मीटर, म्हणजे दोन बिंदूंत ५ सेंटिमीटर. जरा वेळाने वेग १८ मीटर, म्हणजे दोन बिंदूंत ३० सेंटिमीटर. टेक्श्चर बिंदूंच्या क्रमांकाने वाटले तर दोन्ही तुकड्यांना चित्राचा सारखाच भाग मिळतो. खालच्या ठिणग्या चेपलेल्या आणि वरच्या सहापट लांबलेल्या दिसतात. टेक्श्चर क्रमांकाने नव्हे, कापलेल्या अंतराने वाटावे: चित्राची एक फेरी अर्ध्या मीटरची ठरवली, तर ३ मीटरवर सहा फेऱ्या पूर्ण होतात, वेग काहीही असो. युनिटीच्या Trail Renderer मध्ये Stretch आणि Tile असे जे पर्याय दिसतात, त्यांतला पहिला एकच चित्र पूर्ण रेघेवर ताणतो आणि दुसरा अंतरानुसार ते पुन्हा पुन्हा लावतो.

पण अंतर कुठून मोजायचे? शेपटीपासून मोजले, तर शेवटचा बिंदू विझताच सगळे चित्र तेवढ्या तुकड्याने उडी मारते. रॉकेटपासून मोजले, तर चित्र रॉकेटला बांधल्यासारखे फरफटत जाते आणि धूर हवेत राहिल्यासारखा वाटत नाही. म्हणून बिंदू जन्मतो त्या क्षणीच, रॉकेटने तोवर कापलेले एकूण अंतर त्याच्यावर लिहून ठेवावे आणि पुन्हा त्याला हात लावू नये. रेघ विझत जाण्यासाठी मात्र हे अंतर वापरू नये. त्यासाठी बिंदूचे वय वेगळे ठेवावे. एकाच आकड्याकडून ही दोन्ही कामे करून घेणे हीच इथली नेहमीची चूक असते.

लेसरला हाच नियम बंदुकीच्या नळीपासून लागू होतो, म्हणजे लक्ष्य जवळ-दूर झाले तरी नक्षी ताणली जात नाही. त्याची गोलसर टोके मात्र वेगळी काढावी लागतात. टोक आणि मधला भाग एकाच चित्रात ताणले, तर ५० मीटरच्या किरणाचे टोक काकडीसारखे लांबते. प्रत्येक टोकाला अर्ध्या रुंदीएवढा स्वतंत्र तुकडा दिला आणि मधलाच भाग वाढू दिला, की टोके गोल राहतात.

शेवटचा दोष निमुळत्या शेपटीचा. रुंदी कमी होत गेली की पट्टीचा प्रत्येक तुकडा समलंब चौकोन होतो. तो दोन त्रिकोणांत कापला जातो, प्रत्येक त्रिकोण टेक्श्चर आपापल्या परीने पसरवतो आणि कर्णावर नक्षी मोडते. सरळ रेघांचे टेक्श्चर लावले तर कर्णागणिक खाचा पडलेल्या स्पष्ट दिसतात. तुकडे वाढवले तर खाचा लहान होतात, पण जात नाहीत. यावरची तोड स्वस्त आहे. आडवा निर्देशांक v तसाच न पाठवता, तो त्या जागेच्या रुंदीने गुणून पाठवावा, सोबत रुंदीही पाठवावी, आणि फ्रॅगमेंट शेडरमध्ये भागाकार करावा:

```
float v = vTimesW / w;
```

समलंब चौकोनावर रुंदी सरळ रेषेत बदलते आणि v गुणिले रुंदी हेही जागेनुसार सरळ रेषेतच बदलते, म्हणून दोन्ही त्रिकोण कर्णावर एकच उत्तर देतात. लांबीच्या दिशेचा निर्देशांक आहे तसा ठेवावा. त्यालाही रुंदीने गुणले तर अरुंद टोकाकडे नक्षी गर्दी करू लागते. फक्त शेपटीच्या टोकाशी रुंदी अगदी शून्य होऊ देऊ नये. एखादा मिलिमीटर शिल्लक ठेवला की भागाकार अडत नाही, आणि तेवढी पट्टी डोळ्यालाही दिसत नाही.