मेन्यू जपानी, आकडे आपले

अंधेरी पूर्वेला सीप्झपासून मरोळ एमआयडीसीपर्यंत परदेशी कंपन्यांशी व्यवहार असलेली कार्यालयं दाटीनं बसली आहेत. तिथल्या मीटिंग रूममध्ये छताला टांगलेला प्रोजेक्टर कधीकधी ज्या साहेबांसाठी आला, त्यांचीच भाषा बोलतो. मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांतही कुणीतरी जपानहून आणलेला जुना प्रोजेक्टर मॅच बघायला किंवा गणपतीच्या कार्यक्रमाला बाहेर निघतो. मेन्यू उघडला की पडदाभर चित्रलिपी, आणि लगेच 'अहो, कुणाला जपानी येतं का?' अशी शोधाशोध सुरू. माझ्या मते त्याची गरज नाही. आपलं काम ज्या दोन गोष्टींशी असतं, त्या त्या मेन्यूतही बहुधा इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांतच असतात. एक म्हणजे तारेचं नाव, दुसरी म्हणजे रिझोल्यूशन.

इतिहास उरकून घेतो. आयबीएमनं १९८७ मध्ये व्हीजीए आणलं, २००२ च्या अखेरीस एचडीएमआयचा आराखडा ठरला, आणि आज बऱ्याच प्रोजेक्टरच्या पाठीला दोन्ही खोबण्या असतात. आणखी एक सूचना आधीच देतो. जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची, आपली २३० ची. म्हणून पिन खोचण्यापूर्वी बुडाचं लेबल वाचावं. तिथं 100-240V असेल तर पुढे जा. नुसतं 100V असेल तर ट्रान्सफॉर्मरशिवाय हात लावू नका.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. प्रोजेक्टर जपानी मेन्यूचा, त्याचं मूळचं रिझोल्यूशन 1280×800. लॅपटॉप 1920×1080 चा, तार एचडीएमआयची. आधी तार कोणत्या खोबणीत आहे ते पाहा; खोबणीवर HDMI1 किंवा Computer असं छापलेलं असतं. मग रिमोटवर 入力 ही दोन अक्षरं शोधा. एप्सनच्या जपानी रिमोटवर 入力検出 असं बटण असतं. ते दाबत गेलं की प्रोजेक्टर ज्या खोबण्यांत सिग्नल आहे तेवढ्याच शोधून दाखवतो. दुसऱ्या काही कंपन्या 入力切替 लिहितात, तिथं पडद्यावर यादी येते आणि त्या यादीत HDMI1 हे HDMI1 असंच लिहिलेलं असतं. चिनी मेन्यूत हेच काम 信号源 करतं. रिमोट हरवला असेल तर प्रोजेक्टरच्या अंगावरच्या बटणांत चौकोनात शिरणारा बाण शोधा. सोर्सचं बटण बहुधा तेच असतं.

एवढं करूनही पडदा निळा राहिला तर दोष भाषेचा नाही. चिनी यंत्रावर 无信号 दिसत असेल तर सिग्नल पोचतच नाहीये. तार सैल आहे, सोर्स चुकला आहे किंवा लॅपटॉप बाहेर चित्र पाठवत नाहीये. 超出范围 दिसत असेल तर सिग्नल पोचतोय, पण प्रोजेक्टरच्या आवाक्याबाहेरचा आहे. पहिल्यात तारेकडे जायचं, दुसऱ्यात लॅपटॉपच्या रिझोल्यूशनकडे. एवढा फरक ओळखता आला की निम्मी धावपळ वाचते.

समजा चित्र आलं. पण एक्सेलचे आकडे पुसट दिसतात आणि वरखाली काळ्या पट्ट्या आहेत. इथं लोक प्रोजेक्टरच्या मेन्यूत रिझोल्यूशन शोधत बसतात, आणि ते तिथं सहसा सापडतच नाही, कारण ते लॅपटॉप ठरवतो. विंडोज 'डुप्लिकेट' करतं तेव्हा दोन्ही पडद्यांना एकच रिझोल्यूशन मिळतं, आणि बहुतेक वेळा ते लॅपटॉपचं असतं. १९२० पिक्सेल १२८० मध्ये बसवायचे म्हणजे दर तीन पिक्सेलना दोनच जागा. एक पिक्सेल जाडीची रेघ दोन जागांत वाटली गेली की करडी होते. उंचीचंही तेच, १०८० ओळींच्या ७२० होतात, ८०० पैकी ८० उरतात, म्हणून वर ४० आणि खाली ४० ओळी काळ्या. उपाय असा: Windows + P दाबा, Second screen only निवडा, मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 1280×800 ठेवा. पट्ट्या जातात, आकडे धारदार होतात.

प्रोजेक्टरचं मूळचं रिझोल्यूशन जपानी मेन्यूतून काढायला जाऊ नका. 情報 या पानावर जे आकडे दिसतात ते आत येणाऱ्या सिग्नलचे असतात, यंत्राच्या स्वतःच्या ताकदीचे नव्हे. स्वस्त चिनी प्रोजेक्टर विकत घेतानाही हीच गफलत होते. खोक्यावर 1080p लिहिलेलं असतं, म्हणजे तो 1080p चा सिग्नल स्वीकारतो एवढंच. आतलं पॅनल 800×480 चंही असू शकतं. खरा आकडा 物理分辨率 या ओळीसमोर सापडतो.

आता माझा आवडता कोपरा, व्हीजीए. एचडीएमआयवर सिग्नलसोबत आकडेही येतात; व्हीजीएवर येतो तो फक्त वरखाली होणारा विद्युतदाब. प्रोजेक्टर ओळी मोजू शकतो, पण एका ओळीत पिक्सेल किती, हे त्या लहरीत कुठंच लिहिलेलं नसतं. मग तो अंदाज बांधतो. 1024×768 आणि 1360×768 दोन्हींत दिसणाऱ्या ओळी ७६८ च, एकूण मोजणीही जवळपास सारखी, आणि इथंच अंदाज चुकतो. रुंद चित्र अरुंद समजलं तर ते आडवं दाबलं जातं. हे डोळ्यांना चटकन कळत नाही, म्हणून मी कुठल्याही हॉलमध्ये पहिली स्लाइड गोल वर्तुळाची लावतो. वर्तुळ उभट झालं की प्रोजेक्टरनं रुंद सिग्नल अरुंद धरला आहे, चपटं झालं की उलट.

प्रोजेक्टरच्या मेन्यूतलं रिझोल्यूशन खऱ्या अर्थानं उपयोगी पडतं ते इथंच. एप्सनच्या जपानी मेन्यूत 入力解像度 या ओळीत तीन पर्याय असतात: 自動, ワイド आणि ノーマル, म्हणजे आपोआप, रुंद आणि साधं. वर्तुळ उभट असेल तर मधला निवडा. एचडीएमआय जोडलेलं असताना ही ओळ चालत नाही, कारण तिथं अंदाजाची गरजच नसते. व्हीजीएची आणखी एक खोड म्हणजे त्या पंधरा पिनांपैकी बारावी आणि पंधरावी. प्रोजेक्टर आपली माहिती लॅपटॉपला याच पिनांवरून कळवतो. त्यांतली एखादी वाकली असेल तर चित्र येतं, पण विंडोज त्या पडद्याला Generic Non-PnP Monitor म्हणतं आणि योग्य रिझोल्यूशन यादीत दिसतच नाही. बोरिवलीच्या एका क्लासमध्ये सगळे मेन्यूला शिव्या घालत होते, आणि तार बदलताच यादी पूर्ण झाली!

भाषाच बदलायची असेल तर अक्षरं वाचू नका, उजवीकडची किंमत बघा. प्रत्येक ओळीसमोर सध्याची निवड लिहिलेली असते. ज्या ओळीसमोर 日本語 किंवा 简体中文 असेल ती भाषेची. आत गेलात की यादीत English स्पष्ट दिसतं. शेजारी राहणाऱ्या 初期化 या ओळीपासून मात्र दूर राहा. तिनं फॅक्टरी सेटिंग परत येतं आणि कुणीतरी तासभर खपून सरळ केलेलं चित्र पुन्हा तिरकं होतं. चुकून आत शिरलात तर いいえ म्हणजे 'नाही'.

कार्यालयातला प्रोजेक्टर असेल तर काम झाल्यावर भाषा पूर्ववत करावी, असं माझं स्पष्ट मत आहे; यंत्र त्या साहेबांचं, आपण पाहुणे. सोसायटीच्या यंत्राला मात्र एकदाच इंग्रजी करून बुडाला चिठ्ठी चिकटवून टाका: कोणती खोबण, मूळचं रिझोल्यूशन किती, किती व्होल्ट. पुढच्या वर्षी कमिटी बदलते, आणि नव्या सेक्रेटरींना ही तीनच उत्तरं लागतात.