सकाळी अकरा वाजता ठरलेला सौदा

१९०२ च्या जूनमध्ये लंडन शहर सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी सजत होतं. २६ आणि २७ जूनला मिरवणुका निघणार होत्या आणि मिरवणुकीच्या वाटेवरच्या खिडक्यांना मागाल ती किंमत मिळत होती. पॅल मॅल रस्त्यावरच्या एका घरातल्या खोल्या हेन्री नावाच्या गृहस्थाने २० जूनला ७५ पौंडांना ठरवल्या. त्या फक्त या दोन दिवसांसाठी होत्या, रात्रीचा मुक्काम नव्हता. २५ पौंड त्याने आगाऊ दिले. उरलेले ५० पौंड २४ जूनला द्यायचे होते. नेमक्या त्याच दिवशी राजावर तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली आणि मिरवणुका रद्द झाल्या. हेन्रीने उरलेले पैसे द्यायचं नाकारलं. घरमालक क्रेल कोर्टात गेला.

खोल्या तर जागेवरच होत्या. हेन्रीला तिथे जाऊन दोन दिवस बसता आलं असतं. शिवाय दोघांमधल्या पत्रव्यवहारात राज्याभिषेकाचा शब्दही नव्हता. तरीही १९०३ मध्ये अपील न्यायालयाने हेन्रीच्या बाजूने निकाल दिला. मिरवणूक दिसणं हाच या कराराचा दोघांनी गृहीत धरलेला पाया होता आणि तो करार झाल्यानंतर, कुणाचीही चूक नसताना नाहीसा झाला, असं न्यायाधीशांनी म्हटलं. अशा वेळी करार विफल होतो आणि पुढची देणी संपतात. वकील ज्याला ‘फ्रस्ट्रेशन’ म्हणतात ते हेच.

त्याच मिरवणुकीसाठी सेंट जेम्स स्ट्रीटवरची एक खोली दुसऱ्या एका माणसाने १०० पौंडांना घेतली होती. हा सौदा २४ जूनला सकाळी अकरा वाजता ठरला. राजावर शस्त्रक्रिया करायची, हे मात्र सकाळी दहाच्या सुमारासच पक्कं झालं होतं. दोघांनाही त्याची गंधवार्ता नव्हती. कोर्टाने इथे विफलतेचा विचारच केला नाही. ज्या गोष्टीवर करार उभा होता, ती करार होण्याआधीच गेलेली होती. दोघेही एकाच मूलभूत गैरसमजात होते, म्हणून करार जन्मतःच शून्य ठरला आणि १०० पौंड परत मिळाले.

दोन्ही खटल्यांतला फरक इतकाच, की एका ठिकाणी करार आधी आणि घटना नंतर, तर दुसऱ्या ठिकाणी घटना आधी आणि करार नंतर. पण पैशाच्या दृष्टीने तो फरक मोठा होता. विफल झालेला करार घटनेच्या क्षणापर्यंत जिवंत असतो, म्हणून तोवर देय झालेली रक्कम बुडाली तर बुडाली, असं तेव्हाचं इंग्लिश न्यायालय मानत असे. याच मिरवणुकीसाठी १४१ पौंडांहून थोड्या अधिक भाड्याने जागा घेतलेल्या आणखी एकाला १९०४ मध्ये हा फटका बसला. त्याने दिलेले १०० पौंड परत मिळाले नाहीतच, उलट मिरवणूक रद्द होण्याआधीच देय झालेली बाकीही भरावी लागली. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो, आणि पुढे १९४३ मध्ये इंग्लंडनेही तो नियम टाकून दिला.

भारतात हा अन्याय मुळात व्हायलाच नको होता. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ६५ असं सांगतं, की करार शून्य असल्याचं उघड झालं किंवा तो नंतर शून्य झाला, तरी त्याखाली ज्याला लाभ मिळाला त्याने तो परत करावा किंवा त्याची भरपाई द्यावी. त्याआधीच्या कलम ५६ मध्ये वरचे दोन्ही प्रकार वेगवेगळे मांडले आहेत. मुळातच अशक्य असलेल्या गोष्टीचा करार शून्य असतो. कायद्याने यासाठी जादूने गुप्तधन शोधून देण्याच्या कराराचं उदाहरण दिलं आहे. करारानंतर गोष्ट अशक्य किंवा बेकायदा झाली, तर करार त्या क्षणापासून शून्य होतो. तिसरा परिच्छेद मात्र अनेकांच्या नजरेतून सुटतो. गोष्ट अशक्य आहे हे वचन देणाऱ्याला ठाऊक होतं, किंवा नीट चौकशी केली असती तर कळलं असतं, आणि समोरच्याला मात्र ते माहीत नव्हतं, तर वचन देणाऱ्याने नुकसानभरपाई द्यायची. ‘करारच शून्य होता’ असं म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत.

आता या तत्त्वाच्या मर्यादा पाहू. राज्याभिषेकाच्या त्याच आठवड्यात स्पिटहेडला आरमाराचं संचलन व्हायचं होतं. ते पाहायला प्रवासी न्यायचे आणि ताफ्याभोवती फेरीही मारायची, म्हणून हटन नावाच्या माणसाने एक आगबोट २५० पौंडांना ठरवली होती. संचलन रद्द झालं, पण ताफा तिथेच नांगरून उभा होता. त्यामुळे फेरी शक्य होती. हटनला सूट मिळाली नाही. अपेक्षेइतका फायदा होणार नाही आणि कराराचा पायाच गेला, या दोन गोष्टी एक नाहीत.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा सत्यब्रत घोष खटल्यात आखली. कलकत्त्यातल्या एका कंपनीने १९४० मध्ये लेक कॉलनीतला एक भूखंड १०१ रुपये बयाणा घेऊन विकायचं ठरवलं होतं. रस्ते आणि गटारं कंपनीने बांधून द्यायची होती. १९४१ मध्ये सरकारने ती जमीन लष्करासाठी तात्पुरती ताब्यात घेतली आणि १९४३ मध्ये कंपनीने करार संपल्याचं कळवलं. ‘अशक्य’ म्हणजे केवळ शारीरिकदृष्ट्या अशक्य नव्हे, करार ज्या हेतूने केला त्या दृष्टीने निरुपयोगी होणंही त्यात येतं, हे न्या. बी. के. मुखर्जी यांनी मान्य केलं. पण कंपनीला त्याचा फायदा मिळाला नाही. काम पुरं करायला करारात मुदत नव्हती. जमिनीचा ताबा तात्पुरता होता. आणि करार झाला तेव्हा युद्ध आधीच पेटलेलं होतं, म्हणजे अडचणी येणार हे दोघांनाही दिसत होतं. करार जिवंत राहिला.

एप्रिल २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातले पोलाद आयातदार हेच तत्त्व घेऊन आले. कोरियातून माल निघाला होता, पण टाळेबंदीमुळे आम्हाला तो विकता येणार नाही, तेव्हा बँकेची पतपत्रं वटवू देऊ नका, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. विक्रेत्याने आपल्या बाजूचं काम पुरं केलं होतं, बंदरं चालू होती, पोलादाचं वितरण अत्यावश्यक सेवेत धरलं होतं आणि टाळेबंदी काही काळापुरती होती.

त्याच वर्षी मंगल कार्यालयांच्या बयाण्यावरून घराघरांत वाद झाले. जानेवारीत मे महिन्यातल्या ठरावीक मुहूर्तासाठी कार्यालय घेतलं आणि नंतर सरकारी आदेशाने त्या दिवशी समारंभावरच बंदी आली, तर कलम ५६ चा दुसरा परिच्छेद आणि त्यामागोमाग कलम ६५ पुढे येतं. समारंभाला परवानगी होती, फक्त पाहुणे कमी बोलवावे लागले, तर यजमानाची बाजू हटनसारखी कमकुवत होते. आणि महापालिकेने आधीच सील करायचं ठरवलेलं कार्यालय मालकाने नोटीस खिशात ठेवून भाड्याने दिलं असेल, तर तिसरा परिच्छेद लागतो आणि बयाण्याशिवाय यजमानाचं नुकसानही मालकाने भरून द्यायचं. मात्र बंदी आली तर काय करायचं हे पावतीवरच लिहिलेलं असेल, तर न्यायालय आधी ती अट वाचतं. ज्या संकटाची तजवीज दोघांनी आपणच करून ठेवली, त्यासाठी सहसा कलम ५६ कडे जाता येत नाही.